बोअरच्या पाण्यात टॉवेल राठ होतो: साबणाच्या या चुका टाळा

सोलापुरात राहून टॉवेल राठ होणं मला सहन होत नाही. जुळे सोलापुरात आम्ही राहायला आलो तेव्हा चार नवे टेरी टॉवेल घेतले होते. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे धुणं बोअरच्या पाण्यात आणि साबणाच्या वडीने व्हायचं. दोन महिन्यांत टॉवेल कळकट दिसू लागले. दोरीवर वाळले की पापडासारखे कडक होत, आणि अंग पुसलं तर पाणी टिपण्याऐवजी नुसतं पसरवत. आत्या म्हणाली, "साबण कमी पडतोय गं, जरा जास्त लाव." मी लावला, आणि टॉवेल आणखी बिघडले.

का बिघडले, ते समजायला साबणाचा कण कसा असतो हे पाहायला हवं. त्याला एक डोकं आणि एक लांब शेपटी असते. डोक्याला पाणी हवं असतं, शेपटीला तेल. शेंगाचटणीचं तेल लागलेलं फडकं साबणाच्या पाण्यात टाकलं की शेपट्या तेलात घुसतात आणि डोकी पाण्याकडे राहतात. तेलाचा थर कडेने सुटत जातो, गोळा होतो आणि चोळलं की थेंब होऊन धाग्यावरून निघतो. साबणाच्या डोक्यांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे हे थेंब एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ते पुन्हा एकत्र येऊन कापडावर बसत नाहीत. पाण्यात साबण पुरेसा असला तर उरलेले कण शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून साधारण ५० ते १०० जणांचे गोळे करतात. या गोळ्याला मिसेल म्हणतात. त्याच्या पोटात तेलाला जागा मिळते. मात्र साबण एका ठरावीक प्रमाणाखाली असेल तर मिसेल तयारच होत नाहीत, आणि बोअरच्या पाण्यात नेमकं तेच घडतं.

चूक पहिली: फेस नाही म्हणून आणखी साबण

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. शाळेत आपण अशा पाण्याला दुष्फेन किंवा जड पाणी म्हणायचो, आणि त्यातल्या या क्षारांचं प्रमाण म्हणजे पाण्याचा कठीणपणा. कॅल्शियमच्या एका आयनावर दोन धन भार असतात, त्यामुळे तो साबणाची दोन डोकी एकदम पकडतो. तयार होणारा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. तो पांढुरका, चिकट साका म्हणजेच बादलीच्या कडेला आणि मोरीच्या फरशीवर बसणारा थर. ज्या कणांनी तेल उचलायचं, ते तेलापर्यंत पोचण्याआधीच संपतात.

किती संपतात, याचा हिशेब मी माझ्याच पाण्यावर केला. कागदी पट्टीवर एकूण कठीणपणा लिटरमागे साधारण ५०० मिलिग्रॅम आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे २० लिटरच्या बादलीत १० ग्रॅम कठीणपणा. तो पूर्ण गिळायला जवळजवळ ६० ग्रॅम शुद्ध साबण लागतो, आणि वडीत पाणी वगैरेही असल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. एवढा साबण गेल्यावर मगच धुणं सुरू होणार! आणि तो ६० ग्रॅम वाहूनही जात नाही, साका होऊन टॉवेलच्या फासांमध्ये अडकतो. हा साका मेणचट आणि पाणी झटकणारा असतो, म्हणूनच टॉवेल पाणी पीत नाही.

तुमच्या घरी हेच आहे का, ते ओळखणं सोपं आहे. साबणाचा चिमूटभर कीस बाटलीत बोअरच्या पाण्याबरोबर हलवा आणि दुसऱ्या बाटलीत तेवढाच कीस आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याबरोबर. एकीत दह्यासारखे कण तरंगतील, दुसरीत फेस टिकेल. वाळलेल्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंबही टाकून पाहा. तो मोत्यासारखा उभा राहिला तर साका बसलेला आहे.

चूक दुसरी: सोडा साबणानंतर टाकणं

धुण्याचा सोडा कॅल्शियमला बारीक खडूच्या रूपात खाली बसवतो, मात्र त्याला साबणाच्या आधी संधी मिळायला हवी. साका एकदा झाला की सोडा तो सहज सोडवत नाही. माझ्या बादलीला निर्जल सोड्याची भुकटी हिशेबाने ११ ग्रॅमच्या आसपास लागते, मी १५ ग्रॅम घेते. खड्यांच्या सोड्यात पाणी धरलेलं असल्यामुळे तो जवळजवळ तिप्पट वजनाने लागतो. सोडा विरघळवून बादली अर्धा तास तशीच ठेवायची, खाली गढूळ थर बसला की वरचं पाणी धुण्याला घ्यायचं. मॅग्नेशियम यात पूर्ण बसत नाही, म्हणून थोडा साबण तरीही वाया जातोच. रेशीम आणि लोकर या पाण्यात घालू नका, आणि हातमोजे घाला.

पाणी उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणाच जातो. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला तसाच राहतो, त्यामुळे गॅस जाळण्यापेक्षा सोडा बरा.

रोजच्या धुण्याला डिटर्जंट पावडर वापरणं अधिक सोयीचं. तिच्या कणाचं डोकं गंधकयुक्त असतं आणि कॅल्शियमने पकडलं तरी तो साबणाइतका सहज खाली बसत नाही. पावडरीत सोड्यासारखे मदतनीसही असतात. पाणी फार जड असेल तर तिचाही जोर कमी होतो, म्हणून पाकिटावरचं जड पाण्याचं प्रमाण पाहा. तिच्या बाबतीत फेसावर जाऊ नका, फेस कमी असूनही कापड स्वच्छ निघू शकतं.

चूक तिसरी: साका बसलेल्या टॉवेलला नुसतं व्हिनेगर

आम्ल साक्यातलं कॅल्शियम सोडवतं हे खरं, पण मागे स्निग्धाम्ल उरतं आणि तेही पाण्यात विरघळत नाही. म्हणजे मेणाच्या जागी दुसरं मेण! शिवाय बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट बरंचसं व्हिनेगर आधीच खाऊन टाकतात. म्हणून मी ५ लिटर नळाच्या पाण्यात २०० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर घेतलं, टॉवेल अर्धा तास भिजवला आणि विसळून पिळला. त्यानंतर गरम पाण्यात डिटर्जंट आणि थोडा सोडा घालून धुतला. अल्कलीत स्निग्धाम्लाचा पुन्हा साबण होतो आणि आता त्याला पकडायला कॅल्शियम नसतं, त्यामुळे तो वाहून जातो. शेवटी नळाच्या पाण्याने दोनदा विसळलं. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. रंगीत टॉवेलचा एक कोपरा आधी तपासून घ्या.

मऊपणासाठी सॉफ्टनर ओतणं हीही त्याच जातीची चूक. त्याचा थर धाग्यावर बसतो, टॉवेल हाताला मऊ लागतो, पण साका तसाच राहतो आणि टॉवेल पाणी आणखी कमी टिपतो.

माझ्या चारपैकी तीन टॉवेल दोन वेळा असं केल्यावर पाणी पिऊ लागले. चौथ्यावर थेंब काही सेकंद थांबतो, मग आत शिरतो. त्याच्या फासांचे दोरे चोळून चोळून झिजले आहेत, आणि झिजलेला दोरा कोणत्याही धुण्याने भरून येत नाही.