लॉजिक ॲनलायझरला न दिसलेला ग्लिच कसा पकडायचा

गणपतीत आमच्या मोहल्ल्याच्या मंडपासाठी एलईडीचा सरकता बोर्ड बनवला होता, चार 74HC595 शिफ्ट रजिस्टर चिप एकामागे एक, आर्डुइनोपासून अर्धा मीटर रिबन केबल, क्लॉक 1 मेगाहर्ट्झ. टेबलावर मस्त चालला, मंडपात लावला तर मधेच अक्षरं एक एलईडी बाजूला सरकून राहिली. बर्डीवरून आणलेला आठ चॅनलचा स्वस्त ॲनलायझर लावला तर त्यात सगळं साफ! तर असा ग्लिच, म्हणजे लाईनवर क्षणभर येणारा चुकार पल्स, कसा शोधायचा ते सांगतो.

आधी टायमिंग आणि स्टेट मोडमधला फरक. टायमिंग मोडमध्ये ॲनलायझर स्वतःच्या घड्याळावर लाईन बघतो, तुमच्या सर्किटचं काय चाललंय त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. स्टेट मोडमध्ये तो तुमच्याच सर्किटच्या क्लॉकच्या एजवर डेटा टिपतो, म्हणजे चिपला काय दिसलं ते कळतं, पण दोन एजच्या मधे काय झालं आणि किती वेळ गेला ते कळत नाही. "बाइट कोणता गेला" विचारायचं असेल तर स्टेट, "लाईनवर काय गडबड झाली" विचारायचं असेल तर टायमिंग. आणि एक गोम आहे भाऊ, या स्वस्त डब्यांत खरा स्टेट मोड नसतोच. पल्सव्ह्यू या सॉफ्टवेअरमधला एसपीआय डिकोडर टायमिंगमध्ये पकडलेल्या सॅम्पलमधूनच नंतर एज शोधतो, त्यामुळे सॅम्पलिंगमध्ये जे निसटलं ते डिकोडरसाठीही झालंच नाही. मी इथेच दोन दिवस घालवले, बाइट बरोबर दिसतात म्हणून प्रोग्रॅमलाच शिव्या देत बसलो.

आता सॅम्पलिंगचा रेट. क्लॉकच्या चौपट घ्या असं सगळे सांगतात, म्हणून मी सेकंदाला 4 मेगासॅम्पल ठेवला होता. ते डिकोड करायला पुरतं, ग्लिचसाठी नाही, कारण दोन सॅम्पलमध्ये 250 नॅनोसेकंदांचं अंतर पडतं. माझा ग्लिच नंतर कॉलेजच्या स्कोपवर बघितला तर साधारण 20 नॅनोसेकंदांचा निघाला. म्हणजे तो सॅम्पलवर पडायचा चान्स 20 भागिले 250, शंभरात आठ. 24 मेगासॅम्पलला अंतर होतं जवळपास 42 नॅनोसेकंद, मग चान्स निम्म्याच्या आसपास जातो. तरी निम्मे ग्लिच सुटणारच, पण 595 ला मात्र 5 व्होल्टवर एवढा पल्स क्लॉक म्हणून पुरतो.

म्हणून प्रोब आर्डुइनोच्या टोकाला नाही, केबलच्या दुसऱ्या टोकाला चिपच्या पायालाच लावा: पिन 11 क्लॉक, 14 डेटा, 12 लॅच, आणि ग्राउंड तिथलाच, पिन 8. मी आधी आर्डुइनोपाशी लावला होता, तिथे लाईन स्वच्छच असते. मग पूर्ण रेटवर एक सेकंद पकडा, यूएसबी हबमधून नाही, सरळ पोर्टमध्ये लावून, नाहीतर एवढ्या रेटला पकड मधेच थांबते:

```
sigrok-cli -d fx2lafw -c samplerate=24m --samples 24m -C D0,D1,D2,D3 -o pakad.sr
```

असं दहा वेळा करा. फाइल उघडून क्लॉकवर फक्त एकाच सॅम्पलएवढा रुंद पल्स शोधा. स्क्रीनवर तो 42 नॅनोसेकंदांचा दिसेल, पण ती त्याची खरी रुंदी नाही, खरा तो याहून बराच बारीकही असू शकतो. मला दहापैकी चार पकडींत सापडला, आणि दर वेळी शेजारची डेटा लाईन बदलताना. रिबनमध्ये क्लॉक आणि डेटा चिकटून होते ना.

तरी "हाच ग्लिच बोर्ड बिघडवतो" हे अजून सिद्ध झालं नाही. त्यासाठी साक्षीदार चिपलाच करा. शेवटच्या 595 ची पिन 9 चौथ्या चॅनलला, म्हणजे D3 ला जोडा आणि तीच 32 बिटांची फ्रेम परत परत पाठवा. दुसरी फ्रेम आत जाताना पहिली पिन 9 मधून बाहेर पडते. एक चांगली फ्रेम नमुना म्हणून ठेवा. बाहेर आलेली तिच्यापेक्षा एक बिट सरकलेली असेल आणि ॲनलायझरने मात्र 32 च क्लॉक मोजले असतील, तर तेहतिसावा क्लॉक चिपने बघितला, डब्याने नाही. माझ्याकडे हेच झालं.

कधी कधी प्रोब लावल्याबरोबर बिघाड गायबच होतो, कारण प्रोबची कपॅसिटन्स ग्लिच खाऊन टाकते. पिन 9 वर बघताना क्लॉकवरचा प्रोब काढून ठेवता येतो, तेव्हा क्लॉक मोजता येत नाहीत पण सरकलेली फ्रेम दिसते.

दुरुस्ती पाच मिनिटांची: रिबनमध्ये क्लॉक आणि डेटाच्या मधे ग्राउंडची तार घेतली, आर्डुइनोच्या टोकाला क्लॉकमध्ये 100 ओहम सिरीजमध्ये टाकला. मग पिन 9 ची टेस्ट रात्रभर चालू ठेवली, एकही फ्रेम सरकली नाही. नुसती पकड साफ आली असती तर मी या वेळी विश्वास ठेवला नसता.