रिबा आणि घरार: खजुराच्या एका सौद्यातून

‘रिबा म्हणजे व्याज’ एवढंच धरून इस्लामी विक्रीकायदा वाचायला घेतलात, तर पहिल्याच उदाहरणाला अडाल. तिथे कर्जच नसतं. हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद, अशी: त्यांचे सहकारी बिलाल यांनी हलक्या प्रतीचा दोन साअ खजूर देऊन एक साअ चांगल्या प्रतीचा बर्नी खजूर घेतला. साअ हे मापायचं माप, आपल्या पायली-शेरासारखं. राजीखुशीचा सौदा, तरी पैगंबरांनी त्याला साक्षात रिबा म्हटलं आणि वाटही सांगितली: हलका खजूर आधी विका, आलेल्या पैशातून चांगला घ्या.

यामागचा नियम सहा वस्तूंच्या हदीसमध्ये आहे: सोनं, चांदी, गहू, जव, खजूर, मीठ. खजुरासाठी खजूर द्यायचा तर माप सारखं हवं आणि देणंघेणं हातोहात. प्रत चांगली की वाईट, याला किंमत नाही. गहू देऊन खजूर घेतला तर माप कमीजास्त चालेल, पण उधारी चालणार नाही. दिरहम देऊन खजूर घेतला तर उधारीही चालते. ‘उधार म्हणजे रिबा’ असं उत्तर नवखे विद्यार्थी हमखास लिहितात, ते इथेच चुकतं.

सहाच्या बाहेर काय? त्यासाठी नियमामागचं कारण, म्हणजे ‘इल्लत’, शोधावं लागतं. इथे इस्लामी कायद्याचे दोन संप्रदाय, हनफी आणि शाफई, वेगळे होतात. हनफी म्हणतात, जात एक आणि दोन्ही माल मापाने किंवा वजनाने विकले जाणारे. शाफई म्हणतात, खाद्यपदार्थ असणं. सोन्याचांदीत मात्र त्यांच्या मते चलन असणं. फरक नुसता पाठ करू नका, लोखंडावर लावून बघा. एक मण देऊन दोन मण लोखंड घेतलं तर हनफींकडे रिबा, शाफईंकडे नाही. एका सफरचंदाला दोन सफरचंदं घेतली तर नेमकं उलट, कारण जुन्या बाजारात ती नगावर जात.

आता तोच खजूर झाडावर ठेवा. झाडावरच्या ओल्या फळाचा अंदाज बांधून ते मोजलेल्या सुक्या खजुराला विकणं म्हणजे मुझाबना. ते निषिद्ध आहे, आणि दोष दोन आहेत. ओला खजूर वाळल्यावर घटतो, म्हणून माप सारखं राहिल्याची खात्री नाही. हा रिबाचा दोष. आणि झाडावर नक्की किती आहे हेच ठाऊक नाही, हा घरार, म्हणजे सौद्यातल्या अनिश्चिततेचा दोष. शाफई पाच वस्कांच्या आत, म्हणजे तीनशे साअपेक्षा कमी असेल, तर ‘अराया’ म्हणून सूट देतात. एक वस्क म्हणजे साठ साअ.

मात्र प्रत्येक अनिश्चितता घरार नसते. पुढच्या हंगामाचा खजूर आज विकता येतो, त्याला सलम म्हणतात. पूर्ण किंमत आजच्या बैठकीत द्यायची. प्रत, माप आणि मुदत ठरवायची. फक्त ‘अमक्या बागेतल्या अमक्या झाडाचा’ असं लिहू नका. ते झाड फळलं नाही, तर विक्रेत्याने द्यायचं काय? माल वर्णनाने ठरलेला असला, की तो बाजारातून आणूनही देता येतो.