श्वास घेताना छातीत कळ येते: उसण, प्लुरसी की फुप्फुस मिटलंय, हे कसं ताडावं

एका बाजूला टोचल्यासारखी कळ, खोल श्वास घेतला की वाढणारी, आणि माणूस विशी-पंचविशीतला. अशा वेळी भोवतालचे लोक तीनच सल्ले देतात: उसण भरली असेल, गॅस धरला असेल, किंवा ‘या वयात काय होतंय, झोप जरा’. तिन्ही सल्ले बहुतेकदा खपून जातात, कारण बहुतेकदा खरोखरच स्नायू दुखावलेला असतो. घोटाळा होतो तो उरलेल्यांच्या बाबतीत.

आधी धोका पाहून घ्या. बसल्या जागी दम लागतोय, एक वाक्य एका श्वासात पुरं होत नाही, ओठ निळसर दिसतात, भोवळ येते, नाडी मिनिटाला १२० च्या वर आहे, खोकल्यातून रक्त पडलं, एका पायाची पोटरी सुजून दुखते आहे किंवा छातीला मार लागला आहे: यातलं एक जरी असलं तरी पुढचं वाचत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. गाडी स्वतः चालवत जाऊ नका.

यातलं काही नसेल, तर पहिला प्रश्न दुखणं नेमकं केव्हा आणि कसं सुरू झालं हा. ‘सकाळपासून’ हे उत्तर पुरेसं नाही. त्या क्षणी हात काय करत होते ते आठवायला लावा. स्नायूचं दुखणं बहुधा कशाच्या तरी मागोमाग येतं: वजन उचललं, नवा व्यायाम केला, आठवडाभर खोकला होता. प्लुरसी म्हणजे फुप्फुसावरच्या आवरणाची सूज. ती सहसा काही तासांत किंवा दिवसांत चढते आणि सोबत ताप, खोकला, अंगदुखी असते. फुप्फुसातून हवा निसटून ते मिटतं, म्हणजे न्यूमोथोरॅक्स होतो, तेव्हा कळ एका क्षणात येते, आणि पुष्कळदा माणूस तेव्हा काहीच करत नसतो. खुर्चीत बसलेला असतो, नाहीतर पडलेला. ‘काही जड उचललं नाही, मग फुप्फुसाला काय होणार’ हा तर्क म्हणूनच उलटा आहे. उंच, सडपातळ, सिगारेट ओढणारा तरुण असेल तर संशय आणखी वाढवा. अशांच्या फुप्फुसाच्या शेंड्याला हवेचे छोटे फुगवटे असू शकतात आणि त्यातला एखादा विनाकारण फुटतो.

आता अवघड टप्पा. बोटाने दाबून पाहण्याची परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते आणि बहुतेकजण ती चुकीची वापरतात. बरगडीवर एका ठिकाणी बोट ठेवून दाबलं आणि ‘आई गं’ निघालं, की झालं, स्नायूच! पण दाबल्यावर दुखणं एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. व्यायाम करणाऱ्याची छाती कुठेही दाबली तरी थोडी दुखतेच. विचारायचं ते हे: दाबल्यावर होणारं दुखणं आणि श्वासाबरोबर येणारी कळ *अगदी तीच* आहे का? त्याच जागी, तशीच? मग श्वास रोखून धड दोन्ही बाजूंना वळवायला सांगा, हात डोक्यावर न्यायला सांगा. श्वास थांबलेला असतानाही त्या हालचालीने तीच कळ उठली, तर स्नायू किंवा बरगडीचा सांधा असण्याची शक्यता बरीच वाढते. श्वास रोखला की दुखणं जवळपास थांबतं आणि वळण्याने काही फरक पडत नाही, असं असेल तर कारण आतल्या आवरणाशी असण्याकडे कल झुकतो. कल एवढंच म्हणायचं. घरच्या कुठल्याही परीक्षेने न्यूमोथोरॅक्स नाकारता येत नाही.

याच टप्प्यावर आणखी एक फरक करायला शिका: ‘दुखतं म्हणून श्वास घेववत नाही’ आणि ‘श्वास पुरत नाही’. रुग्ण दोन्हीला दम लागणंच म्हणतो. त्याला शांत बसवून उथळ, न दुखणारे श्वास घेऊ द्या. तेवढ्यात समाधान होत असेल तर अडचण वेदनेची आहे. न दुखताही हवा अपुरी वाटत असेल, किंवा नेहमीचा एक जिना चढून धाप लागत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे.

ऑक्सिमीटरवर भिस्त ठेवू नका. तरुण माणसाचं फुप्फुस थोडं मिटलं तरी दुसरं काम भागवून नेतं आणि आकडा ९७ दाखवू शकतो. ९४ किंवा कमी आला तर मात्र लगेच निघा.

एक उदाहरण घेऊ. वीस वर्षांचा, उंच, काटकुळा मुलगा, सिगारेट ओढतो. काल संध्याकाळी जोर मारले, आज सकाळी बसल्या बसल्या उजव्या छातीत कळ आली. दाबलं तर दुखतं, ऑक्सिजन ९७, नाडी ९२. दुसऱ्या दिवशी दुखणं निम्म्यावर आलं. सगळी लक्षणं उसणीकडे बोट दाखवतात आणि घरचे निश्चिंत होतात. पण दाबल्यावर दुखतं ते दोन्ही बाजूंना सारखंच, म्हणजे ते कालच्या जोरांचं. कळ क्षणात आली. वळण्याने वाढत नाही. जिन्यावर धाप लागते. कमी झालेल्या वेदनेने तर अजिबात फसू नका. न्यूमोथोरॅक्सची कळ दिवसभरात आपोआप ओसरू शकते, फुप्फुस तसंच मिटलेलं असलं तरी. प्लुरसीतही असाच चकवा आहे: दोन आवरणांच्या मध्ये पाणी साचलं की घर्षण थांबतं, दुखणं कमी होतं आणि दम वाढत जातो. ताप रेंगाळत असेल, वजन घटत असेल तर त्या पाण्याची क्षयरोगासाठी तपासणी व्हायला हवी.

एक्स-रे उभ्यानेच काढायला सांगा. झोपवून काढलेल्या फोटोत हवा पुढच्या बाजूला पसरते आणि थोडी असेल तर दिसतच नाही. नुसत्या स्टेथोस्कोपवर ‘छाती साफ आहे’ म्हणणंही पुरेसं नाही. लहान न्यूमोथोरॅक्समध्ये आवाज जवळपास नेहमीसारखा येतो. ईसीजीही काढून घ्यावा, विशेषतः आडवं झाल्यावर वाढणारी आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होणारी कळ असेल तर. ती हृदयाच्या आवरणाची सूज असू शकते.

स्नायूच निघाला तर उपचार सोपे: शेक, जेवणानंतर वेदनाशामक, जड उचलणं बंद. छातीला पट्टा मात्र घट्ट बांधू नका. उथळ श्वासाने फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. उलट गोळीचा असर असताना तासातासाने पाच-दहा खोल श्वास मुद्दाम घ्यावेत.

न्यूमोथोरॅक्स निघाला तर हवा किती आहे आणि दम किती लागतो यावर डॉक्टर ठरवतात: नुसती देखरेख, सुईने हवा काढणं, की बरगड्यांमधून नळी. देखरेख ठरली तर घाई उपयोगाची नाही. साचलेली हवा शरीर दिवसाला त्या बाजूच्या साधारण १ ते २ टक्के एवढीच शोषतं, म्हणजे काही आठवडे जातात. दुसऱ्या एक्स-रेमध्ये फुप्फुस पूर्ण उघडलेलं दिसल्याशिवाय विमानप्रवास नाही, आणि त्यानंतरही किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारूनच. सिगारेट कायमची बंद, कारण हा त्रास पुन्हा होण्याची शक्यता ती वाढवते. टाकी लावून खोल पाण्यात उतरण्याचा छंद असेल तर तो सोडावा लागतो. अपवाद फक्त शस्त्रक्रिया करून कायमचा बंदोबस्त झालेल्यांचा, तोही तज्ज्ञाने तपासून परवानगी दिली तरच.