घरच्या सत्यनारायणाच्या पूजेची तयारी करताना या चुका टाळा

सत्यनारायणाची पूजा ठरली की बहुतेक घरांत आधी पाहुण्यांच्या सोयीचा रविवार निवडला जातो, सगळ्यांना निरोप जातात आणि त्यानंतर गुरुजींना फोन होतो. सगळ्या गडबडीची सुरुवात या उलट्या क्रमातून होते. श्रावणात आणि पौर्णिमेच्या आसपास एकाच गुरुजींकडे दिवसाला तीन-चार पूजा असतात, त्यामुळे आपल्या वाट्याला त्यांच्या दोन पूजांमधली उरलेली वेळ येते. म्हणून किमान तीन आठवडे आधी गुरुजींशी बोलावे, दोन-तीन तारखा पुढे ठेवाव्यात आणि त्यांनी होकार दिल्यावरच घराबाहेर कुणाला कळवावे.

त्या फोनवर तारखेइतकेच महत्त्वाचे आणखी काही विचारायचे असते. ‘नऊ वाजता’ म्हणजे गुरुजी नऊला घरी येणार की नऊला संकल्प सुटणार? आमच्यानंतर त्यांना दुसरीकडे जायचे आहे का? पूजेच्या साहित्यातले ते काय आणणार आणि यादीप्रमाणे आपण काय आणायचे? पोथी किंवा जानवे दोघांनीही एकमेकांवर सोडले, असे सर्रास घडते, आणि ऐनवेळी घरातल्या कुणाला तरी पळावे लागते. मधल्या काळात घरात सुतक किंवा सोयर आले, तर तेही गुरुजींना लगेच कळवावे, म्हणजे पूजा पुढे ढकलायची की कसे, हे वेळेत ठरते.

वेळेचा हिशेब आरतीपासून मागे करत यावा. समजा साठ माणसे जेवायला आहेत आणि आरती साडेअकराला हवी आहे. मांडणी, संकल्प, पूजा आणि पोथीचे पाच अध्याय यांना मिळून साधारण दोन तास लागतात, म्हणजे साडेनऊला पूजा सुरू व्हायला हवी आणि गुरुजी नऊला दारात हवेत. चौरंग, केळीचे खांब, कलश आणि विड्याची पाने त्याआधी जागेवर असावीत. नैवेद्य आरतीपूर्वी दाखवायचा असल्याने प्रसाद आणि नैवेद्याचे ताट सव्वाअकरापर्यंत तयार हवे.

इथेच सर्वांत मोठी चूक होते. ज्या बाई पूजेला बसणार, त्यांच्याकडेच प्रसादाची जबाबदारी दिली जाते. पूजेतून त्यांना दोन तास उठता येत नाही, पण प्रसादाचा रवा मात्र सतत हलवावा लागतो. त्यामुळे एक तर प्रसाद पहाटे करून गार होतो, नाहीतर कथा चालू असताना यजमानीणबाईंचे लक्ष स्वयंपाकघरात लागून राहते. प्रसादाला जाऊबाई, नणंद किंवा शेजारच्या काकू यांपैकी एका व्यक्तीचे नाव आठवडाभर आधी पक्के करावे. ‘कुणीतरी करेल’ यावर ते सोडू नये.

सव्वा किलो रवा, तेवढेच तूप आणि साखर, अडीच-तीन लिटर दूध आणि केळी या मापात साठ जणांना वाढून शेजारी द्यायलाही प्रसाद उरतो. मात्र एवढा रवा मंद आचेवर जाड बुडाच्या पातेल्यात भाजायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, म्हणून साडेनऊला पूजा सुरू होताच पातेले चुलीवर चढवावे. उशीर झाला म्हणून आच वाढवली, तर बाहेरून तांबूस झालेला रवा आतून कच्चा राहतो. दूध गरमच घालावे, कारण गार दुधाने गुठळ्या होतात. रवा दुधात पूर्ण फुलल्याशिवाय साखर घालू नये, कारण नंतर तो मऊ होत नाही. रवा फुलला की नाही, हे दाणा बोटांत दाबून पाहिल्यावर कळते. घाईत साखर पडलीच आणि रवा दाताखाली टणक लागला, तर गरम दुधाचा हबका मारून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर वाफ आणावी. प्रसाद बराचसा सुधारतो. केळी आदल्या रात्री चिरून ठेवू नयेत, ती काळी पडतात.

निमंत्रणातली चूक छोटी वाटते, पण तिचा भार थेट स्वयंपाकघरावर पडतो. ‘रविवारी पूजा आहे, नक्की या’ एवढाच निरोप गेला, तर कुणी नऊला येते, कुणी दोनला, आणि जेवण आहे की फक्त तीर्थप्रसाद, हे कुणालाच माहीत नसते. निरोपात आरतीची वेळ आणि जेवणाची वेळ स्पष्ट लिहावी, आणि दोन दिवस आधी ‘तुमच्याकडून किती जण?’ असे घरटी विचारावे. भाज्यांची खरेदी त्यानंतरच करावी.

एवढे करूनही गुरुजींना आधीच्या पूजेत उशीर होऊ शकतो. अशा वेळी पंगत ताटकळत ठेवण्याऐवजी त्यांना फोन करून नेमका अंदाज घ्यावा. तासाभरापेक्षा जास्त उशीर होणार असेल, तर त्यांच्याच ओळखीच्या दुसऱ्या गुरुजींना पाठवण्याची विनंती करावी. चुलीवरचा रवा भाजून झालेला असेल, तर तिथेच थांबवावा आणि पूजा मार्गी लागल्यावरच त्यात दूध घालावे.