दोनदा नीट, मग फाउंड्रीची लॅब

नमस्कार. सरांनी बोलायला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, नापास झालेलीला कशाला? तर सर म्हणाले, म्हणूनच.

नीट मी दोनदा दिली. दुसऱ्या वर्षी घरी राहून रिपीट केलं. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "कधी हाय गं परीक्षा?" मार्क वाढले, पण मोजकेच. तिसऱ्यांदा बसायचं की नाही, यावर घरात आठवडाभर वाद चालला. शेवटी मी ओएमआरची प्रत आणि उत्तरतालिका शेजारी ठेवली आणि लाल पेन घेऊन बसले.

फिजिक्समध्ये माझं पाणी मुरत होतं. पहिल्या वर्षी ४० प्रश्न सोडवले, १४ बरोबर, २६ चूक. बरोबरला चार, चुकीला वजा एक. म्हणजे ५६ वजा २६, हातात ३०. दुसऱ्या वर्षी ४१ पैकी १६ बरोबर, २५ चूक, ३९. वर्षभर घासून नऊ मार्क!

मग त्या २५ चुका एकेक करून पुन्हा सोडवल्या. नऊ ठिकाणी रीत बरोबर होती, आकडेमोड फसली होती. उरलेल्या सोळांत कुठून सुरुवात करायची तेच कळत नव्हतं, वेळ लावून नसतानाही. आकडे उलटे असते तर मी तिसऱ्यांदा बसले असते, कारण आकडेमोड सरावाने सुधारते. तुम्हीही एकूण मार्कांकडे बघून ठरवू नका, आधी चुका वेगळ्या करा.

केमिस्ट्री मात्र आवडायची. बी.एस्सी.ला तीच घेतली. टायट्रेशनमध्ये ब्युरेटमधला एक थेंब पडतो आणि फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी होऊन तसंच राहतं, तिथं हात थांबवायचा. मला ते जमायचं.

आता शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये आहे. सकाळी पहिलं काम सँडचं. साच्याची ५० ग्रॅम वाळू घ्यायची, ओव्हनमध्ये ११० अंशांच्या आत-बाहेर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची, पुन्हा तोलायची. परवा ४७.७ ग्रॅम भरली. २.३ ग्रॅम पाणी उडालं, म्हणजे ४.६ टक्के ओल. आमच्याकडे साडेतीनच्या आसपास लागते. ओल जास्त झाली की वितळलेलं लोखंड ओतताच वाफ होते, ती कास्टिंगमध्ये अडकते आणि आत पोकळी राहते. ब्लोहोल म्हणतात त्याला. बऱ्याचदा ते मशीनिंगला गेल्यावरच दिसतं, तोवर सगळा खर्च झालेला असतो.

मी मिक्सरवर जाऊन आकडा सांगितला. वीस वर्षं तिथंच काढलेले मामा मूठभर वाळू दाबून बघत म्हणाले, "मला वाटतच हुतं. पाणी कमी करू काय, मॅडम?"