‘उल्लेख नाही’ म्हणजे ‘नॉर्मल’ नव्हे: रेडिओलॉजी रिपोर्ट अवयवनिहाय मांडताना या चुका टाळा

सलग परिच्छेदात सांगितलेला रिपोर्ट अवयवांच्या मथळ्यांखाली मांडणे हे वरवर कारकुनी काम वाटते. पण मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना अर्थ बदलतो, आणि नव्या मांडणीत तो बदल इतका नीटनेटका दिसतो की कुणाला संशयही येत नाही. हा एक नमुना पाहू. काल्पनिक आहे, पण असे रिपोर्ट रोज येतात.

> पुरुष, ४६ वर्षे. डाव्या कुशीत दुखणे. पोट व ओटीपोटाचा कॉन्ट्रास्टशिवाय सीटी. डाव्या मूत्रवाहिनीच्या मूत्राशयाकडील टोकाशी ६ मिमीचा खडा, त्यामुळे वरची मूत्रवाहिनी व डावी किडनी सौम्य फुगलेली, भोवतीच्या चरबीत रेषा. उजव्या किडनीच्या खालच्या भागात ३ मिमीचा खडा, अडथळा नाही. यकृताच्या उजव्या भागात १४ मिमीचा कमी घनतेचा डाग, बहुधा सिस्ट, या तपासणीत खात्रीने सांगता येत नाही. पित्ताशयात दाट खडा दिसत नाही. अपेंडिक्स वेगळे ओळखता आले नाही, भोवती सुजेच्या खुणा नाहीत. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी ४ मिमीचा नोड्यूल. इम्प्रेशन: उजव्या मूत्रवाहिनीच्या टोकाशी खडा, हायड्रोनेफ्रोसिस.

रिकामी चौकट ‘नॉर्मल’ने भरणे

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. टेम्प्लेटमध्ये स्वादुपिंड, प्लीहा, अ‍ॅड्रिनल, प्रोस्टेट असे मथळे तयार असतात आणि वरच्या मजकुरात त्यांच्याबद्दल एक शब्दही नाही. हात आपोआप ‘नॉर्मल’कडे जातो. अनेक टेम्प्लेटमध्ये तर तो शब्द आधीच भरलेला असतो, म्हणजे चूक करायला काहीच करावे लागत नाही. पित्ताशय काढून टाकलेल्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये ‘पित्ताशय नॉर्मल’ येते ते असेच.

उल्लेख नसेल तर ‘मूळ रिपोर्टमध्ये उल्लेख नाही’ एवढेच लिहावे. दिसायला ओबडधोबड, पण खरे. मूळ मजकुरात ‘बाकी अवयव नॉर्मल’ असे वाक्य असेल, तर ते आहे तसे एकाच ठिकाणी ठेवावे. त्याचे दहा मथळ्यांखाली दहा तुकडे केले, की डॉक्टरांनी प्रत्येक अवयवाचा वेगळा निर्वाळा दिला आहे असा भास होतो.

याच चुकीची एक छुपी जातही आहे. ‘अपेंडिक्स ओळखता आले नाही’ याचे ‘अपेंडिक्स नॉर्मल’ होते. ‘दाट खडा दिसत नाही’ याचे ‘पित्ताशयात खडे नाहीत’ होते. हा दुसरा बदल निरुपद्रवी वाटतो, पण काही पित्तखड्यांची घनता पित्ताइतकीच असते आणि ते सीटीवर दिसतच नाहीत. म्हणून डॉक्टरांनी ‘दाट’ हा शब्द घातला होता. तो गळला, तर पुढे पोटदुखीसाठी सोनोग्राफी करायची की नाही याचा निर्णय चुकीच्या आधारावर होतो.

शंकेचे शब्द गाळणे

‘बहुधा’, ‘नाकारता येत नाही’, ‘खात्रीने सांगता येत नाही’ हे शब्द चौकटीत बसत नाहीत, म्हणून आधी तेच उडतात. यकृतातला डाग मग सरळ ‘सिस्ट’ होतो. कॉन्ट्रास्टशिवाय केलेल्या सीटीत डाग रक्तपुरवठा कसा घेतो ते कळत नाही, त्यामुळे सिस्ट आणि इतर काही गाठी यांत ठाम फरक करणे अवघड जाते. म्हणून शंकेचा शब्द त्याच वाक्यात राहू द्यावा आणि तपासणीची पद्धत रिपोर्टच्या माथ्यावर यावी. ‘कॉन्ट्रास्टशिवाय’ हा शब्द खालच्या प्रत्येक ओळीची मर्यादा सांगतो.

कारण आणि परिणाम वेगळे पाडणे

अवयवनिहाय विभागणी फार काटेकोर पाळली, तर खडा ‘मूत्रवाहिनी’खाली जातो, फुगलेली किडनी ‘किडनी’खाली आणि चरबीतल्या रेषा ‘इतर’ खाली. प्रत्येक ओळ बरोबर, पण ‘त्यामुळे’ हा शब्द हरवला. वाचणाऱ्याला तीन वेगळे आजार दिसतात. एका घटनेचे सगळे दुवे एकाच मथळ्याखाली, एकाच वाक्यात ठेवावेत. त्यासाठी मूत्रसंस्थेचे डावी आणि उजवी असे दोन भाग केले तर काम सोपे होते, आणि उजव्या किडनीतला निरुपद्रवी खडा डावीकडच्या खड्यात मिसळत नाही.

इम्प्रेशन स्वतःच ‘दुरुस्त’ करणे

तक्रार डावीकडची, वर्णन डावीकडचे, इम्प्रेशन मात्र उजवीकडचे. चूक कुठे असावी हे शेंबड्या पोरालाही कळेल. तरीही गुपचूप ‘डावी’ करू नये. प्रतिमा तुम्ही पाहिलेल्या नाहीत, आणि सही झालेल्या रिपोर्टमधला बदल सही करणाऱ्यानेच अ‍ॅडेंडम देऊन करायचा असतो. विसंगती ठळक करून त्यांच्याकडे पाठवावी. मांडणी बदलताना उजवे-डावे समोरासमोर येते, म्हणून अशा चुका इथेच सापडतात.

उलट बाजूची चूक म्हणजे इम्प्रेशनमध्ये भर घालणे. नोड्यूल आणि यकृतातला डाग मूळ इम्प्रेशनमध्ये नाहीत. ते विसरले की मुद्दाम वगळले, हे रेडिओलॉजिस्टच सांगू शकतो. विचारावे. ‘तीन महिन्यांनी पुन्हा सीटी’ अशी तयार ओळ चिकटवणे तर नकोच. फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पोटाच्या सीटीत योगायोगाने दिसलेल्या ६ मिमीपेक्षा लहान नोड्यूलसाठी बहुतेक वेळा पुढची तपासणी सुचवली जात नाही. पण त्या सूचना ३५ वर्षांखालील रुग्णांना, आधीच कर्करोग असलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती दबलेल्यांना लागू नाहीत, आणि यातले दोन मुद्दे आपल्या नमुन्यात कळतच नाहीत.

रेडिओलॉजिस्टने बाजू डावी असल्याचे कळवले आणि दोन्ही आनुषंगिक बाबी घ्यायला सांगितल्या, असे धरले तर रिपोर्ट असा होईल:

तपासणी: पोट व ओटीपोट सीटी, कॉन्ट्रास्टशिवाय. कारण: डाव्या कुशीत दुखणे.
मूत्रसंस्था, डावी: मूत्रवाहिनीच्या मूत्राशयाकडील टोकाशी ६ मिमीचा खडा, त्यामुळे मूत्रवाहिनी व किडनी सौम्य फुगलेली, भोवतीच्या चरबीत रेषा.
मूत्रसंस्था, उजवी: किडनीच्या खालच्या भागात ३ मिमीचा खडा, अडथळा नाही.
यकृत: उजव्या भागात १४ मिमीचा कमी घनतेचा डाग, बहुधा सिस्ट, या तपासणीत खात्रीने सांगता येत नाही.
पित्ताशय: दाट खडा दिसत नाही.
आतडे: अपेंडिक्स वेगळे ओळखता आले नाही, भोवती सुजेच्या खुणा नाहीत. बाकी आतड्याचा मूळ रिपोर्टमध्ये उल्लेख नाही.
फुप्फुसाचा तळ: उजवीकडे ४ मिमीचा नोड्यूल.
स्वादुपिंड, प्लीहा, अ‍ॅड्रिनल, प्रोस्टेट: मूळ रिपोर्टमध्ये उल्लेख नाही.
इम्प्रेशन:
१. डाव्या मूत्रवाहिनीच्या टोकाशी ६ मिमीचा खडा, त्यामुळे सौम्य हायड्रोनेफ्रोसिस.
२. यकृतात १४ मिमीचा डाग, बहुधा सिस्ट, या तपासणीत अनिश्चित.
३. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी ४ मिमीचा नोड्यूल.

दुखण्याचे कारण पहिल्या ओळीत आले, कारण तपासणी त्यासाठीच झाली होती. पाठवण्यापूर्वी फक्त आकडे आणि बाजू जुळवाव्यात. मूळ मजकुरात चार मापे होती: ६, ३, १४ आणि ४. नव्या फाइंडिंग्जमध्ये ती चारही एकदाच, त्याच एककात आणि त्याच बाजूला सापडायला हवीत. मिमीचे सेमी करण्याच्या नादात ६ मिमीचा खडा ६ सेमीचा होऊ शकतो, म्हणून एकक बदलूच नये.