एका पानात इन्व्हेंटरी सॉफ्टवेअर: माझा अनुभव

रबाळे एमआयडीसीतल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यासाठी आमच्या सॉफ्टवेअरची एका पानाची माहिती तयार होती. बारकोड, डॅशबोर्ड, रिपोर्ट सगळं त्यात होतं, पण मॅनेजरसाहेबांकडून उत्तर येईना. मग मी स्टोअरकीपरदादांकडून सहा महिने न हललेल्या मालाची यादी मागवली. तो माल १५ लाखांचा निघाला.

नवं पान तिथूनच सुरू केलं: "१५ लाख रॅकवर पडून आहेत. कॅश क्रेडिटचं व्याज १२ टक्के धरलं, तर वर्षाला १ लाख ८० हजार जातात." त्याखाली हिशेब मांडला. पुन्हा तीच खरेदी टळून, पडलेला माल वापरून ५ लाख मोकळे झाले तर ६० हजार व्याज वाचेल, सॉफ्टवेअरचा वर्षाचा खर्च ४५ हजार. ५ लाखांचा आकडा अंदाज आहे हे स्पष्ट लिहिलं, म्हणजे साहेब स्वतःचा आकडा घालून पाहू शकतात.

अटही ठळक छापली: सुरुवातीला पूर्ण स्टॉक मोजावा लागेल, आणि माल देतानाच नोंद झाली पाहिजे. संध्याकाळी एकदम नोंदी केल्या तर दिवसभर स्क्रीनवरचा साठा खोटा दिसतो. माझ्या मते ही अट लपवणं ग्राहकावर अन्याय आहे.

शेवटी एकच मागणी ठेवली, फक्त बेअरिंगच्या रॅकवर महिनाभर चाचणी. साहेबांनी त्याच पानावर सही केली.